जुना माल की नवा, जुनं गिऱ्हाईक की नवं? चालत्या छोट्या फर्मने वाढीचा रस्ता कसा निवडावा

हा लेख नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांसाठी नाही. ज्यांची फर्म चारपाच वर्षं तरी चालू आहे, ठरावीक ग्राहक आहेत, थोडा नफा होतो, पण गेली दोन वर्षं विक्री एकाच पातळीवर अडकली आहे, त्यांच्यासाठी आहे. अशा वेळी सल्ले चारी दिशांनी येतात. कुणी म्हणतो नवीन माल काढा, कुणी म्हणतो दुसऱ्या भागात डीलर नेमा, कुणी म्हणतो वेगळ्याच धंद्यात पाऊल टाका. सगळेच सल्ले ऐकायला बरोबर वाटतात आणि एकाच वेळी सगळे करायला पैसा आणि माणसं नसतात. आमच्या फर्ममध्ये ही निवड करताना मला जी पद्धत उपयोगी पडली, ती इथे पायऱ्यांनी लिहिली आहे.

पद्धत जुनीच आहे. इगोर अँसॉफ यांनी १९५७ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये ती मांडली. कागदावर चार घरं आखायची. आडव्या बाजूला माल, जुना आणि नवा. उभ्या बाजूला बाजार, जुना आणि नवा. मग वाढीचे चार रस्ते तयार होतात: जुन्या ग्राहकांना जुनाच माल जास्त विकणं, जुना माल नव्या बाजारात नेणं, जुन्या ग्राहकांसाठी नवा माल आणणं, आणि नव्या बाजारात नवा माल घेऊन उतरणं. चौथ्याला विविधीकरण म्हणतात. अँसॉफ यांनी त्या लेखातच ते बाकी तिघांपासून वेगळं काढलं होतं. पहिले तीन रस्ते बहुतेक वेळा हातातली माणसं, यंत्रं आणि पैसा वापरून चालता येतात. चौथ्याला नवं कौशल्य, नवं तंत्र आणि नव्या सोयी लागतात. छोट्या फर्मने चौकटीतून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचलावी.

उदाहरण रबराचे सील बनवणाऱ्या कारखान्याचं घेतो. पंप दुरुस्त करणारी वर्कशॉप्स आणि पंप बनवणारे कारखाने हे त्यांचे ग्राहक. आकडे गोल आहेत आणि हिशोब सोपा राहावा म्हणून वर्षाची विक्री १०० भाग धरली आहे. त्यातले ५५ कच्च्या मालात जातात, ३५ पगार, भाडं, वीज अशा ठरलेल्या खर्चात, आणि १० उरतात. एकूण ४० ग्राहक. एकटा मोठा ग्राहक ३४ भाग घेतो.

## आधी हे जमवा

- मागच्या ३६ महिन्यांची सगळी बिलं, ग्राहक आणि माल दोन्ही वेगळे दिसतील अशी
- कोणाकडे किती दिवसांची उधारी आहे त्याचा तक्ता
- प्रत्येक प्रकारच्या मालाला लागणारा कच्चा माल आणि जॉबवर्कचा खर्च
- न मिळालेल्या ऑर्डरींची कोटेशनं
- मुख्य यंत्र आठवड्याला किती तास चालतं त्याची नोंद
- बँकेने दिलेली खेळत्या भांडवलाची मर्यादा आणि त्यातली आज मोकळी असलेली रक्कम

न मिळालेल्या ऑर्डरींची कोटेशनं बहुतेक ठिकाणी कुणी जपून ठेवत नाही. ती ईमेलमधून, फोनवरच्या मेसेजमधून गोळा करावी लागली तरी करा. पुढे तिसऱ्या पायरीत सगळ्यात जास्त काम त्यांचंच आहे.

## १. ‘नवा’ म्हणजे काय, ते आधी ठरवा

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. माल जगात नवा आहे की नाही याच्याशी तुम्हाला घेणंदेणं नाही. तो तुमच्या फर्मला नवा आहे का, एवढंच बघायचं.

माल जुना केव्हा म्हणायचा? तोच कच्चा माल, तीच यंत्रं, तीच तपासणी आणि आज कामावर असलेलीच माणसं यांत तो बनत असेल तेव्हा. सीलचा व्यास ४० मिलिमीटरवरून ५५ केला म्हणून माल नवा होत नाही. साचा बदलतो, बाकी सगळं तेच राहतं.

बाजार जुना केव्हा? खरेदीचा निर्णय घेणारा माणूस त्याच प्रकारचा असेल, तो त्याच कारणासाठी घेत असेल आणि माल त्याच वाटेने त्याच्यापर्यंत पोचत असेल तेव्हा. शेजारच्या इमारतीतलं गिऱ्हाईकसुद्धा तुमच्यासाठी नवा बाजार असू शकतं. सीलच्या कारखान्यात हे लगेच दिसतं. दुरुस्तीवाल्याचा पंप बंद पडलेला असतो, त्याला सील आज किंवा उद्या हवा असतो आणि भावावर तो फार ताणत नाही. पंप बनवणाऱ्या कारखान्याचा खरेदी अधिकारी तोच सील वर्षभराच्या भावाने मागतो आणि पैशापैशावर घासाघीस करतो. माल एकच असला तरी बाजार दोन आहेत. बिलांमध्ये या दोघांना एकाच खात्यात टाकलं असेल तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

## २. बिलांचा तक्ता करा

स्प्रेडशीटमध्ये उभ्या रांगेत ग्राहक, आडव्या रांगेत मालाचे प्रकार आणि प्रत्येक चौकोनात त्या ग्राहकाने वर्षभरात घेतलेल्या मालातून कच्चा माल वजा जाता हाती राहिलेली रक्कम लिहा. विक्रीचा आकडा लिहू नका. मोठी विक्री आणि थोडं उत्पन्न देणारे ग्राहक अशाने लगेच उघडे पडतात.

आपल्या उदाहरणात तक्ता केल्यावर तीन गट दिसतात. मोठा ग्राहक ३४ भाग घेतो, पण भाव इतका कापलेला आहे की त्याच्याकडून हाती कमी राहतं. मधली १२ दुरुस्ती वर्कशॉप्स मिळून १८ भाग घेतात आणि भाव चांगला देतात. बाकीचे ४८ भाग उरलेल्या २७ ग्राहकांत विखुरलेले.

मोठ्या ग्राहकाला आणखी माल विकणं हीसुद्धा पहिल्या घरातलीच वाढ. चौकट त्याला नाही म्हणणार नाही, तुम्हालाच म्हणावं लागेल. एक तृतीयांश विक्री ज्याच्या हातात आहे, त्याच्या हातात निम्मी दिली तर पुढच्या वर्षीचा भाव तोच ठरवेल. म्हणून वाढीची जागा शोधताना मी अशा ग्राहकाला सरळ बाजूला ठेवतो.

## ३. पहिल्या घरात किती जागा उरली आहे, ते मोजा

जुना माल जुन्या ग्राहकांना जास्त विकणं हे ऐकायला कंटाळवाणं असतं, म्हणून ‘आमचे ग्राहक आमच्याकडूनच घेतात’ असं म्हणून लोक हे घर न मोजताच पुढे जातात. मोजायची रीत साधी आहे. मधल्या गटातल्या प्रत्येक ग्राहकाला जाऊन भेटा. ‘आणखी ऑर्डर द्याल का?’ असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. विचारा: गेल्या महिन्यात एकूण किती सील लागले? त्यातले आमच्याकडून किती घेतले? बाकीचे दुसरीकडून का घेतले? शक्य असेल तर त्याच्या स्टोअरच्या रॅकसमोर उभं राहून विचारा. दुसऱ्याच्या डब्यावरचं लेबल पाहिलं की उत्तर आपोआप खरं येतं.

समजा १२ वर्कशॉप्सची मिळून गरज ४५ भागांची निघाली. त्यातले १८ आपण पुरवतो, म्हणजे ४० टक्के. मग उरलेले २७ सगळे आपले का? नाहीत. जबाबदार खरेदीदार सहसा एकाच पुरवठादारावर सगळा भार टाकत नाही. दुसरा हाताशी ठेवतोच. म्हणून वरची मर्यादा मी ६० टक्के धरतो. ४५ चे ६० टक्के म्हणजे २७, त्यातून आजचे १८ वजा केले की खरी जागा ९ भागांची राहते.

आता न मिळालेल्या ऑर्डरींची कोटेशनं काढा आणि ‘का’चं उत्तर त्यांत तपासा. इथे भाव आड आलेला नाही असं दिसतं. आपण सील ऑर्डर आल्यावर बनवतो आणि द्यायला २१ दिवस लागतात. वर्कशॉपला तो ४ दिवसांत हवा असतो. ज्याच्याकडे तयार माल आहे, त्याच्याकडे ऑर्डर जाते. म्हणजे औषध भाव कमी करण्यात नाही, जास्त खपाच्या ३० मापांचा तयार साठा ठेवण्यात आहे. भाव कमी केला असता तर जे १८ भाग आज चांगल्या भावाने जातात, त्यांच्यावरही पाणी सोडावं लागलं असतं.

मुख्य यंत्राकडेही बघायला हवं. प्रेस आधीच पूर्ण वेळ चालत असेल तर ९ भाग जास्त कुठून काढणार? साठ्यासाठी बनवण्याचा इथे एक फायदा होतो. चार ग्राहकांच्या चार छोट्या खेपांऐवजी एका मापाची एकच मोठी खेप निघते, साचे बदलण्यात जाणारा वेळ वाचतो. साठा खराब होण्याची भीतीही फार नको. रबराच्या साठवणुकीच्या आयएसओ २२३० या मानकात नायट्राइलच्या सीलला, नीट ठेवला तर, सुरुवातीची ७ वर्षं दिली आहेत. धोका न खपणारी मापं निवडण्याचा आहे.

## ४. बाकीचे पर्याय लिहा आणि योग्य घरात टाका

आता प्रत्येक कल्पना एकेका चिठ्ठीवर लिहा. सीलच्या कारखान्यात तीन चिठ्ठ्या येतात.

पहिली: दुसऱ्या प्रदेशातल्या दुरुस्ती वर्कशॉप्सना डीलरमार्फत हेच सील विकायचे. निर्णय घेणारा तसाच, कारणही तेच, फक्त माल पोचायची वाट नवी. हे दुसरं घर: जुना माल, नवा बाजार.

दुसरी: सील, गॅस्केट, ओ-रिंग आणि शाफ्टची स्लीव्ह एकत्र घालून पंपाचं दुरुस्ती किट विकायचं. ग्राहक तेच, माल नवा. हे तिसरं घर. स्लीव्ह आणि ओ-रिंग बाहेरून घ्याव्या लागतील.

तिसरी चिठ्ठी फसवी आहे: ‘हेच सील अन्नप्रक्रिया आणि औषध कारखान्यांच्या पंपांना विकू’. लिहिणारा ती दुसऱ्या घरात टाकतो. सील तोच, ग्राहक नवा, असं त्याला वाटतं. पण अन्नाला लागणाऱ्या रबरात काय असावं आणि त्यातून किती अंश बाहेर झिरपावा यावर नियम आहेत. अमेरिकेत २१ सीएफआर १७७.२६००, युरोपात १९३५/२००४ या क्रमांकाचं मूळ नियमन. म्हणजे रबराचं मिश्रण नवं, चाचण्या नव्या, कोणत्या खेपेतला सील कुठे गेला याची नोंद ठेवायची पद्धत नवी, बहुधा मिश्रण आणि साच्यांसाठी वेगळी जागाही. शिवाय खरेदी अधिकाऱ्याच्या जोडीला गुणवत्ता विभागाची मंजुरी लागणार, आणि ती यायला कित्येक महिने लागू शकतात. दोन्ही बाजूंनी नवं, म्हणजे चौथं घर.

फसवी चिठ्ठी ओळखायला मी तीन प्रश्न विचारतो. हा माल आज, नवं काहीही विकत न घेता, आपल्याला बनवता येईल का? त्याची तपासणी आपल्या आजच्या माणसाला करता येईल का? आणि आजच्या ग्राहकांपैकी एखादा फोन उचलून नव्या ग्राहकाला आपली खात्री देऊ शकेल का? पहिल्या दोनांपैकी एकाचं जरी ‘नाही’ आलं तर माल नवा. तिसऱ्याचं ‘नाही’ आलं तर बाजार नवा. दोन्हीकडे नवं निघालं की चिठ्ठी चौथ्या घरात, मग ती कितीही ओळखीची वाटो.

चौथं घर कायमचं बंद असं मी म्हणत नाही. पण ज्या फर्मच्या वर्षाच्या नफ्यातून एक अपयशी वर्ष भागणार नाही, तिने तिथे स्वतःच्या पैशाने जाऊ नये.

## ५. नफा आणि अडकणारा पैसा, दोन्ही मांडा

वाढीच्या नादात चांगल्या फर्म अडचणीत येतात त्या बहुधा नफा नसल्यामुळे नाही, तर पैसा साठ्यात आणि उधारीत अडकल्यामुळे. म्हणून प्रत्येक पर्यायासाठी दोन आकडे काढा: वर्षाला हाती काय राहील, आणि त्यासाठी किती पैसा अडकेल. अडकणारा पैसा म्हणजे साठा अधिक उधारी, वजा पुरवठादाराने आपल्याला दिलेली उधारी.

तयार साठ्याचा पर्याय एकदा सविस्तर करून बघू. जास्तीची विक्री ९ भाग, कच्चा माल ५५ टक्के म्हणजे सुमारे ५, हाती ४. ठरलेला खर्च वाढत नाही. साठ्यात २ भाग जातील. ग्राहक ६० दिवसांनी पैसे देतात, म्हणून ९ ला ६० ने गुणून ३६५ ने भागलं की उधारीत दीड भाग. कच्च्या मालाचा पुरवठादार आपल्याला ३० दिवस देतो, त्याचे ०.४ वजा. एकूण ३.१ भाग अडकले.

डीलरच्या पर्यायात आपल्या भावाने १२ भागांचा माल जाईल असं धरू. डीलरची सूट २५ टक्के, म्हणजे बिल ९ चंच होतं. कच्चा माल मात्र १२ भागांचाच लागतो, ६.६. उरले २.४, त्यातून फिरतीचा आणि माणसाचा खर्च दीड. हाती ०.९. डीलर ९० दिवसांनी पैसे देणार आणि त्याच्या गोदामातला ३ भागांचा साठाही विकला जाईपर्यंत आपलाच.

किटमध्ये एक सापळा आहे. विक्री १५ भागांची दिसते, पण त्यात ६ भागांचे सील असे आहेत जे हेच ग्राहक आज सुटे घेतातच. नवी विक्री ९ ची. बाहेरून घेतलेल्या वस्तूंना ७ लागले, पॅकिंग आणि तपासणीला अर्धा, हाती दीड. त्या वस्तूंचा पुरवठादार नवा, तो उधारी देणार नाही असं धरून चालावं.

| पर्याय | वर्षाला हाती | अडकणारा पैसा |
|---|---|---|
| तयार साठा (पहिलं घर) | ४.० | ३.१ |
| किट (तिसरं घर) | १.५ | ३.५ |
| डीलर (दुसरं घर) | ०.९ | ४.७ |

पहिल्या पर्यायात अडकलेला पैसा वर्षाच्या आत मोकळा होतो, किटमध्ये सव्वादोन वर्षांनी, डीलरमध्ये पाच वर्षांनी. शेवटचा रकाना बँकेतल्या मोकळ्या मर्यादेशी ताडून पाहा. मर्यादेत ४ भाग मोकळे असतील तर एका वेळी एकच पर्याय शक्य आहे, हे इथेच ठरून जातं.

## ६. छोट्यावर करून पाहा, आणि थांबायची अट आधी लिहा

३० मापांचा साठा एकदम करू नका. आधी १० मापं, सहा महिने. सुरू करण्याआधी कागदावर लिहून ठेवा: सहा महिन्यांत १० पैकी किमान ६ मापांना दुसऱ्यांदा ऑर्डर आली नाही, तर पुढची २० बनवायची नाहीत. ही अट नंतर लिहायला बसलात तर जो आकडा आला तोच चांगला वाटायला लागतो. मालकाव्यतिरिक्त हिशोब बघणाऱ्या माणसालाही ती माहीत हवी.

निकाल वाचताना एक फसगत होते. तयार माल आहे म्हटल्यावर ग्राहक पहिल्या महिन्यात एकदम जास्त उचलतो आणि विक्री वाढल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात त्याने पुढच्या दोन महिन्यांचा माल आत्ताच घेतलेला असतो. म्हणून महिन्याचा आकडा सोडा, त्याच ग्राहकाची मागच्या वर्षीची तीच तिमाही शेजारी ठेवा. वाढ खरी असेल तर दुसरी खूणही दिसते: ऑर्डरी लहान होतात, पण वरचेवर येतात.

## ७. पहिलं घर कधी सोडायचं

तुमचा वाटा ठरवलेल्या मर्यादेला, म्हणजे आपल्या हिशोबात ६० टक्क्यांना, पोचला की. किंवा ‘दुसरीकडून का घेता’ याचं उत्तर तुमच्या हाती नसलेलं असेल तर. उदाहरणार्थ, ग्राहकाच्या मुख्य कार्यालयानेच पुरवठादार ठरवून दिलेला आहे. किंवा ग्राहकांची एकूण गरजच दरवर्षी घटत असेल तर. तसे पंपच मोडीत निघत असतील, तर घटत्या बाजारातला वाटा वाढवून फार काळ टिकता येत नाही.

तेव्हा पाचव्या पायरीतला तक्ता पुन्हा काढा, पण जुने आकडे तसेच वापरू नका, कारण क्रम एका अटीने बदलतो. डीलरने साठा विकत घेतला, म्हणजे विक्रीची वाट न पाहता ९० दिवसांनी सगळ्या मालाचे पैसे द्यायचं कबूल केलं, तर ते ३ भाग आपल्या डोक्यावरून उतरतात. अडकणारा पैसा ४.७ वरून १.७ वर येतो आणि दोन वर्षांच्या आत मोकळा होतो. हिशोबात डीलर किटच्या पुढे जातो. म्हणून डीलरशी बोलताना सुटीच्या टक्क्यावर घासाघीस करण्याआधी साठा कोणाच्या नावावर राहणार, हे ठरवून घ्या.